नाक्यावर अडवलं तर कागद कुठले दाखवायचे, चलन कसं वाचायचं आणि गाडी जमा कधी होऊ शकते

प्रश्न: काल संध्याकाळी नाक्यावर वाहतूक हवालदारांनी बाईक अडवली आणि आधी चावीच काढून घेतली. डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी दाखवली, तर म्हणाले मोबाईलवरचं चालत नाही, ओरिजिनल दाखवा. मग मशीनमध्ये नंबर टाकून म्हणाले की तीन जुनी चलनं बाकी आहेत, आत्ता भरा नाहीतर गाडी जमा. घाई होती म्हणून भरून निघालो. यातलं कायद्यात बसणारं काय आणि न बसणारं काय? गाडी खरंच जमा करू शकतात का?

उत्तर:

गाडी जमा करण्याचा अधिकार पोलिसांना आहे, पण तो ठराविक कारणांसाठी आहे. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी एकही त्या कारणांत बसत नाही. मी वाहतुकीचे खटले चालवतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लोकांचा गोंधळ इथेच झालेला असतो. कागद तपासणं, दंड आकारणं, लायसन्स ताब्यात घेणं आणि गाडी जमा करणं हे चार वेगळे अधिकार आहेत. प्रत्येकाचं कलम वेगळं, अट वेगळी. रस्त्यावर मात्र चारही एका दमात बोलले जातात आणि माणूस घाबरून पैसे भरतो.

आधी कागदांचं बघू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागितलं तर चालकाने लायसन्स दाखवायचंच असतं. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये ठासून सांगतात की हवालदाराला किंवा शिपायाला कागद मागायचा अधिकारच नाही, तो फक्त फौजदाराला असतो. हे चूक आहे. अशा व्हिडिओच्या जोरावर वाद घालणाऱ्यांचं नुकसानच झालेलं मी पाहिलं आहे. हुद्द्याचा प्रश्न येतो तो दंडाची तडजोड करताना, म्हणजे जागेवर रक्कम घेऊन प्रकरण मिटवताना. तो अधिकार कलम २०० खाली राज्य सरकारने अधिसूचनेने ज्यांना दिला आहे त्यांनाच असतो. गाडी थांबवून लायसन्स बघायला मात्र अंगावर गणवेश असला की पुरे. गणवेश नसेल तर तुम्ही शांतपणे ओळखपत्र मागू शकता. गणवेश असेल तर छातीवरचं नाव आणि बक्कल नंबर वाचून लक्षात ठेवा. विचारायचीही गरज पडत नाही.

आता मोबाईलवरचे कागद. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, व्यावसायिक गाडीचं फिटनेस आणि परमिट हे सगळं कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येईल असं नियमातच लिहिलं गेलं. १ ऑक्टोबर २०२० पासून त्यात आणखी एक पाऊल पुढे टाकलं गेलं. इलेक्ट्रॉनिक पडताळणीत कागद वैध आढळले तर अधिकाऱ्याने मूळ कागद मागायचेच नाहीत. ज्या गुन्ह्यात कागद जप्त करावे लागतात तिथेसुद्धा नाहीत. त्यामुळे ‘मोबाईलवरचं चालत नाही’ हे वाक्य आज नियमाला धरून नाही.

पण इथे एक मेख आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये सरकारी नोंदीतून आलेला कागद वेगळा आणि लायसन्सचा मोबाईलने काढलेला फोटो वेगळा. गॅलरीतला फोटो, बायकोने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ, झेरॉक्सचा स्क्रीनशॉट, यांना नियम १३९ मधलं इलेक्ट्रॉनिक स्वरूप म्हणता येत नाही. तुम्ही नेमकं काय दाखवलं ते एकदा तपासा. डिजिलॉकरमध्येही दोन कप्पे असतात. एकात खात्याने दिलेले कागद येतात, दुसऱ्यात तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेले. मान पहिल्याला आहे. ‘डिजिलॉकर दाखवलं तरी ऐकलं नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींनी दुसऱ्या कप्प्यातला स्कॅन दाखवलेला असतो.

आणि जवळ काहीच नसेल, फोन बंद पडला असेल, तर? तसा पोलिसांच्या मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला की आरसीची नोंद समोर येतेच. नियम १३९ मध्येच अशी तरतूद आहे की जवळ नसलेल्या कागदांचा साक्षांकित उतारा मागणी झाल्यापासून १५ दिवसांत हजर करता येतो. याचा अर्थ जागेवर चलन होणारच नाही असा मात्र नाही. चलन झालं तर त्यात ‘लायसन्स दाखवलं नाही’ लिहिलं आहे की ‘लायसन्स नाही’, एवढं नीट वाचा. पहिला गुन्हा किरकोळ आहे. दुसरा कलम १८१ चा, आणि त्याचा दंड ५,००० रुपये. शिवाय दुसऱ्या कारणावर गाडी जमा होऊ शकते, पहिल्यावर नाही. लायसन्स घरी विसरलेल्या माणसावर १८१ लागल्याची प्रकरणं येतात. त्या दिवशी लायसन्स वैध होतं हे दाखवलं की न्यायालयात ती टिकत नाहीत. पण जागेवर तडजोड शुल्क भरून टाकलं असेल, तर न्यायालयात जायला काही उरतच नाही.

याचं कारण असं. जागेवर किंवा ऑनलाईन चलन भरणं म्हणजे कलम २०० खाली तडजोड करणं. ती ऐच्छिक आहे. तुम्ही म्हणू शकता की मला गुन्हा मान्य नाही, चलन करा, मी न्यायालयात सांगेन. त्यावर कोणी तुम्हाला भाग पाडू शकत नाही. भरलंत, तर प्रकरण तिथेच मिटतं आणि त्याच गुन्ह्यासाठी पुढे खटला होत नाही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर तडजोड केलेला गुन्हासुद्धा ‘आधी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जातो. पुढच्या वेळी तेच कलम लागलं तर दुसऱ्या गुन्ह्याचा वाढीव दंड लागू शकतो. किरकोळ गुन्ह्यांच्या कलम १७७ मध्ये पहिल्यांदा ५०० आणि नंतर १,५०० अशी आकारणी आहे. ‘पाचशेच तर आहेत’ म्हणून न केलेला गुन्हा मान्य करणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं. खरोखर चूक झाली असेल तर भरून मोकळं व्हावं, असं मी अशिलांनाही सांगतो. ५०० रुपयांसाठी न्यायालयाच्या तारखा परवडत नाहीत.

तुमची जुनी तीन चलनं. गाडी जमा करण्याचं मुख्य कलम २०७. त्यात कारणं मोजकी आहेत. लायसन्स नसताना गाडी चालवणं, हे कलम ३ चं उल्लंघन. चालकाचं वय कमी असणं, हे कलम ४ चं. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणं, हे कलम ३९ चं. आणि परमिट लागणारी गाडी परमिटशिवाय चालवणं, किंवा परमिटमध्ये ठरवून दिलेला मार्ग, क्षेत्र किंवा उद्देश मोडून चालवणं. यादी इथेच संपते. थकलेलं चलन त्यात नाही. हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, सिग्नल नाही, पीयूसी नाही, काळी काचही नाही. विम्याचं लोकांना खरं वाटत नाही, पण विमा संपलेला असणं हेही कलम २०७ मध्ये नाही. त्याचा दंड जबर आहे, कलम १९६ खाली पहिल्यांदा २,००० रुपये आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे, तरी गाडी ठेवून घेण्याचा आधार २०७ मधून मिळत नाही.

म्हणून ‘बाकी चलन भरा नाहीतर गाडी जमा’ याला कलम २०७ चा आधार नाही. पोलीस तुम्हाला थकीत चलनांची आठवण करून देऊ शकतात, मशीनवर दाखवू शकतात, आत्ता भरता का असं विचारूही शकतात. तुम्ही ‘संकेतस्थळावर तपासून भरतो’ म्हणालात तर जाऊ देणं भाग आहे. अशा वेळी उपयोगी पडणारं वाक्य एकच, आणि ते आवाज न चढवता म्हणायचं: ‘साहेब, गाडी जमा करत असाल तर कोणत्या कलमाखाली ते लिहून पावती द्या.’ बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो, कारण पावतीवर लिहायला कलम सापडत नाही. नाहीच थांबला आणि पावती मिळाली, तर वरिष्ठांकडे किंवा न्यायालयात दाखवायला तुमच्या हातात पुरावा असतो.

चलन थकवून चालतं असा मात्र याचा अर्थ लावू नका. प्रकरण न्यायालयात जातं, समन्स येतं, लोक अदालतीची नोटीस येते, आणि गाडी विकताना नाव बदलायला गेलात की आरटीओत काम अडतं. तुम्ही भरलेली तीन चलनं आता `mahatrafficechallan.gov.in` वर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे अंक टाकून उघडा. प्रत्येकाचा फोटो बघा. फोटोतली गाडी तुमचीच आहे का, नंबर नीट वाचता येतो का, ठिकाण आणि वेळ पटते का. एखाद्या अंकाच्या फरकाने दुसऱ्याचं चलन नावावर येणं किंवा कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरणं, दोन्ही घडतं. तक्रार नोंदवायची सोय तिथेच आहे. चलन न भरलेलं असताना तक्रार सोपी जाते. भरून झाल्यावर पैसे परत मागणं फार किचकट आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

कॅमेऱ्याने आपोआप झालेल्या चलनांसाठी नियम १६७-अ आहे, तो २०२१ मध्ये आला. कॅमेरा असलेल्या पट्ट्याआधी सूचनाफलक हवा, यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवं, नोटिशीसोबत गुन्हा दिसणारा फोटो हवा आणि नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायला हवी. हा बचाव तक्रारीत मांडता येतो. हवालदाराने स्वतःच्या मोबाईलवर काढलेला फोटो नंतर मशीनमध्ये चढवण्याची पद्धत होती. खासगी मोबाईल वापरू नका, अशा सूचना वाहतूक विभागाच्या वरिष्ठांनी परिपत्रकाने दिलेल्या आहेत. तक्रारीत त्याचाही उल्लेख करा.

जुन्या चलनांना आणखी एक मर्यादा आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाला सहा महिन्यांनंतर घेता येत नाही, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ होतं. योग्य कारण असेल तर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं, त्यामुळे सहा महिने झाले की चलन आपोआप रद्द झालं असं समजू नका. संकेतस्थळावर ते दिसतच राहतं. पण चार वर्षांपूर्वीच्या सिग्नलच्या चलनावर आज खटला भरायचा म्हटला तर हा मुद्दा पोलिसांना अडचणीचा ठरतो. जागेवर भरून टाकलंत की तो हातचा जातो.

चावीचं थोडक्यात. गाडीतून चावी काढून घेण्याचा किंवा चाकातली हवा सोडण्याचा अधिकार देणारी तरतूद मोटार वाहन कायद्यात कुठेही नाही. तरी चावीसाठी हाताला हात लावू नका. ओढाताणीत हवालदाराला धक्का लागला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली, म्हणजे जुन्या ३५३ खाली, गुन्हा नोंदू शकतो. ५०० रुपयांच्या चलनातून निघून जामिनाच्या अर्जापर्यंत पोहोचलेली माणसं मी पाहिली आहेत. दुरून व्हिडिओ काढा, नाव आणि वेळ टिपून ठेवा, नंतर वाहतूक शाखेच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्या. पावतीशिवाय रोख मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

आता गाडी जमा करणं जिथे कायदेशीर असतं तिथे काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो. उदाहरण रचलेलं आहे, पण अशी प्रकरणं नेहमी येतात. काकांची कार घेऊन पुतण्या रविवारी सकाळी एकटाच निघाला. त्याच्याकडे लर्निंग लायसन्स आहे, शेजारी पक्कं लायसन्स असलेलं कोणी नाही, गाडीला ‘एल’ची पाटीही नाही. हवालदारांनी अडवलं. लर्निंग लायसन्सच्या अटी मोडल्या की ते वैध लायसन्स धरलं जात नाही, म्हणून कलम ३ मोडलं. इथे २०७ लागू होतं आणि कार जमा करायचा अधिकार आहे. पुतण्यावर कलम १८१ चे ५,००० रुपये. आणि काकांवरही, कारण लायसन्स नसलेल्याला गाडी दिली म्हणून कलम १८० चे ५,००० वेगळे. मालकावरचा हा दुसरा दंड लोकांना अनपेक्षित असतो.

पण कलम २०७ ला एक परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद आहे, आणि जागेवर ते कोणी आपणहून सांगत नाही. लायसन्स, वय किंवा परमिट नसण्याच्या कारणावर अधिकारी गाडीऐवजी फक्त आरसी ताब्यात घेऊन पोच देऊ शकतो. पुतण्याने काकांना फोन केला, ते वैध लायसन्स घेऊन अर्ध्या तासात पोहोचले, तर त्यांनी म्हणायचं: ‘परंतुकाप्रमाणे आरसीची नोंद घ्या, पोच द्या, गाडी मी चालवत नेतो.’ हा अधिकाऱ्याच्या मर्जीचा भाग आहे, हक्क नाही. पण गाडी सुरक्षित माणसाच्या हातात जात असेल तर बरेच अधिकारी ऐकतात, त्यांनाही टोइंग आणि जागेची कटकट नको असते. मुलगा १८ च्या आतला असेल तर मात्र चित्र पालटतं. कलम १९९-अ खाली पालक किंवा मालकावर २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, एवढं लागू शकतं. तो खटला न्यायालयातच जातो, जागेवर मिटत नाही.

समजा अधिकाऱ्याने ऐकलं नाही आणि कार चौकीच्या आवारात नेली. त्या क्षणी दोन कागद हातात हवेत. एक जप्तीची पावती, ज्यावर कलम, तारीख, वेळ, अधिकाऱ्याचं नाव आणि गाडी कुठे ठेवली ते आहे. दुसरा गाडीच्या स्थितीची नोंद. किलोमीटर, स्टेपनी, म्युझिक सिस्टीम, आधीचे ओरखडे, आत राहिलेलं सामान. पावतीवर ही नोंद करत नसतील तर गाडी नेण्याआधी चारी बाजूंनी आणि आतून व्हिडिओ काढा. पुढे बॅटरी किंवा स्टेपनी गेली तर तेवढाच पुरावा असतो. पावतीशिवाय ‘उद्या या, बघू’ असं म्हणून गाडी नेली, तर त्याच दिवशी वाहतूक शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

गाडी सोडवायची वाट २०७ च्याच दुसऱ्या पोटकलमात आहे. मालकाने कागदांसह अर्ज करायचा आणि अधिकृत अधिकाऱ्याने कागद तपासून गाडी सोडण्याचा आदेश द्यायचा. सोमवारी काकांनी आरसी, विमा, पीयूसी, स्वतःचं लायसन्स आणि आधार यांच्या प्रती लावून अर्ज दिला. गुन्हा मान्य असेल तर दोन्ही दंड भरून गाडी त्याच दिवशी मिळू शकते. मान्य नसेल तर अर्जात स्पष्ट लिहावं की चलन न्यायालयात लढवणार आहे, गाडी मात्र कागद तपासून सोडावी. कलमात कागदांच्या पडताळणीची गोष्ट आहे, आधी दंड भरा अशी अट लिहिलेली नाही. अधिकाऱ्याला योग्य अटी घालता येतात, म्हणून हमीपत्र मागतील, ते द्यावं.

तरीही अडवून ठेवली, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्याचा, म्हणजे हमी देऊन गाडी तात्पुरती ताब्यात मिळण्याचा अर्ज करायचा. नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४९७ आणि ५०३. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जप्त वाहनं पोलीस ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही, योग्य बॉण्ड आणि हमी घेऊन ती लवकर सोडावीत. वर्षानुवर्षे उन्हापावसात सडणाऱ्या गाड्या बघितल्या की तो निकाल का द्यावा लागला ते कळतं. सुपूर्दनाम्यावर सोडवलेली गाडी न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकायची नसते, रंग बदलायचा नसतो, बोलावलं की हजर करायची असते.

२०७ सोडून गाडी ताब्यात जाण्याचे आणखी काही प्रसंग आहेत, त्यांचे नियम निराळे. नो पार्किंगमधली गाडी उचलणं किंवा चाकाला जॅमर लावणं कलम १२७ खाली येतं. ती जप्ती नाही. दंड आणि टोइंगचा खर्च भरला की गाडी मिळते, आरसी मालकाच्या नावावर आहे का एवढंच बघतात. अपघातातली गाडी तपासणीसाठी नेली तर कलम १३६ प्रमाणे ती कुठे ठेवली ते मालकाला कळवायचं असतं आणि सोपस्कार झाल्यावर २४ तासांत परत द्यायची असते. गाडी चोरीची असल्याचा संशय असेल तर सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस ती ठेवून घेऊ शकतात. तेव्हा आरसी मालकाच्या नावाची नसेल, सेकंडहँड गाडी घेऊन नाव बदललं नसेल, तर अडचण खरोखर मोठी असते.

दारू पिऊन चालवण्याचं प्रकरण याहून गंभीर. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे कलम १८५. यात वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, श्वासचाचणी नाकारली तरी होऊ शकते. हा गुन्हा कलम २०० च्या यादीत नाही, त्यामुळे जागेवर पैसे घेऊन तो मिटवायचा अधिकार कोणालाच नाही. कोणी मिटवतो म्हणाला तर ते पैसे कुठे जाणार हे तुम्हीच ओळखा. चालकाला नेल्यावर गाडीची तात्पुरती व्यवस्था पोलीस करतात. सोबत न प्यायलेला, लायसन्स असलेला माणूस असेल तर गाडी त्याच्याकडे द्या अशी विनंती तिथल्या तिथे करावी. अटक झाल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाही झाली तर सोडावं लागतं. म्हणून अटकेची वेळ टिपून ठेवणं महत्त्वाचं.

राहिलं लायसन्स काढून घेणं. कलम २०६ मध्ये दोन प्रकार आहेत, आणि दोन्हींची पोच दिसायला सारखी असली तरी परिणाम उलटा आहे. चालक समन्स टाळेल किंवा पळून जाईल असं वाटलं म्हणून लायसन्स घेतलं, तर ते न्यायालयात जातं आणि तात्पुरत्या पोचवर तुम्ही त्यावरच्या तारखेपर्यंत गाडी चालवू शकता. पण भरधाव, धोकादायक चालवणं, दारू, हेल्मेट अशा ठराविक गुन्ह्यांत २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या चौथ्या पोटकलमाखाली घेतलं, तर ते लायसन्स देणाऱ्या कार्यालयाकडे निलंबनासाठी जातं. त्या पोचवर गाडी चालवता येत नाही. चालवलीत तर कलम ३ मोडलं, आणि मग कलम २०७ खाली गाडीही जाते. लायसन्स घेतलं गेलं की पोचवर २०६(२) लिहिलंय की २०६(४), हे बाईकला किक मारण्याआधी वाचा. दंड भरल्याने २०६(४) ची कारवाई थांबत नाही, तेही त्याच दुरुस्तीत लिहून ठेवलं आहे. नोटीस आली तर आरटीओत जाऊन म्हणणं मांडायची संधी मिळते, ती सोडू नका.

तुमच्या बाबतीत आता करण्यासारखं एवढं: तिन्ही चलनांचे फोटो आणि भरल्याच्या पावत्या उतरवून घ्या, रक्कम कोणत्या कलमाखाली गेली ते बघा. एखादं चलन तुमच्या गाडीचंच नसेल तर संकेतस्थळावर तक्रार टाका आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. चावी काढल्याची आणि डिजिलॉकर नाकारल्याची तक्रार स्वतंत्र अर्जाने वाहतूक शाखेच्या वरिष्ठांकडे द्या. त्यात तारीख, वेळ, नाक्याचं नाव आणि बक्कल नंबर लिहा. नंबर आठवत नसेल तरी काम अडणार नाही, कारण पैसे भरल्याची नोंद कोणत्या मशीनवरून झाली ते त्यांना काढता येतं, आणि कागद कोणी, किती वाजता तपासले याची नोंद पोर्टलवर ठेवणं २०२० पासून नियमातच आहे.